फोटो काढायचा, पण अडल्यावर

शाळेकडून पालकांना जाणाऱ्या सूचनापत्रकात हल्ली एक वाक्य ठरलेले असते: ‘पाल्याने गृहपाठाची उत्तरे मोबाइलवरून उतरवू नयेत, याची पालकांनी दक्षता घ्यावी.’ वाक्यात चूक काहीच नाही, पण त्याचा उपयोगही काही नाही. रात्री मूल गणितात अडते, आईवडिलांना बीजगणित आठवत नाही, शिक्षक उपलब्ध नाहीत आणि फोन हाताशी आहे. अशा वेळी काय करायचे नाही एवढेच हे वाक्य सांगते. काय करायचे ते सांगत नाही. मग फोटो निघतोच, फक्त पालकांच्या नकळत निघतो. काही शाळा जरा वेगळे लिहितात, ‘तंत्रज्ञानाचा जबाबदारीने वापर करावा’. त्यावर पालक मान डोलावतात आणि कागद बाजूला ठेवतात, कारण जबाबदारीने म्हणजे नेमके कसे, हे त्यात कुठेच नसते.

मी माध्यमिक वर्गांना गणित शिकवतो आणि या विषयावर माझे मत ठाम आहे. प्रश्नाचा फोटो काढून सोडवणूक मिळवण्यावर शाळेने सरसकट बंदी घालू नये आणि सरसकट मोकळीकही देऊ नये. सूचनेत तीन गोष्टी नेमक्या हव्यात: फोटो कोणत्या क्षणी काढायचा, आलेल्या उत्तरातले किती बघायचे आणि त्यानंतर वहीत काय व्हायला हवे. शिवाय त्याच कागदावर, आपल्या बाजूने काय बदलणार, हेही शाळेने लिहायला हवे. हा दुसरा भाग नसेल तर पहिला कुणी पाळणार नाही.

आधी हे फोटो कोणते, ते वेगळे करून घेऊ. एक प्रकार ॲपचा. फोटोमॅथ हे त्यातले सर्वांत परिचित नाव. ते २०१४ मध्ये आले आणि पुढे गूगलने विकत घेतले. कॅमेरा समीकरणावर धरला की ॲप अंक, अक्षरे आणि चिन्हे ओळखते, समीकरण पुन्हा स्क्रीनवर मांडते आणि ते पायरीपायरीने सोडवून दाखवते. दुसऱ्या प्रकाराबद्दल पालकांना सहसा माहिती नसते: वर्गातल्या एका मुलाने गृहपाठ पूर्ण केला की त्याच्या वहीच्या पानाचा फोटो मुलांच्या ग्रुपवर फिरतो. हा प्रकार पहिल्यापेक्षा वाईट आहे. ॲप निदान प्रत्येक पायरीला काय केले ते लिहिते. मित्राच्या वहीत कारणे नसतात. त्याने मनात केलेली पायरी कागदावर आलेलीच नसते आणि त्याची चूकही सगळ्यांच्या वह्यांत जशीच्या तशी उतरते. वह्या तपासताना तीच चुकलेली वजाबाकी एकामागून एक पानांवर दिसते, तेव्हा ती कुठून आली हे शोधावे लागत नाही. सूचनेत या दोन्ही फोटोंसाठी एकच नियम घालणे चूक ठरेल. वहीच्या फोटोला स्पष्ट ‘नाही’ म्हणावे. ॲपच्या सोडवणुकीबद्दल मात्र विचार करावा लागतो.

विचार का करावा लागतो? कारण सोडवलेले उदाहरण वाचून मुले शिकतात, ही गोष्ट चांगली तपासलेली आहे. जॉन स्वेलर आणि ग्रॅहम कूपर यांनी १९८५ मध्ये बीजगणितावर केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. नवी रीत शिकणाऱ्या काही विद्यार्थ्यांना त्यांनी सगळी गणिते स्वतः सोडवायला दिली, तर काहींना एक सोडवलेले उदाहरण अभ्यासायला आणि लगेच त्याच धर्तीचे एक स्वतः सोडवायला, अशा जोड्या दिल्या. जोड्यांनी शिकणाऱ्यांना कमी वेळ लागला आणि पुढे तशाच गणितांत त्यांच्या चुकाही कमी झाल्या. कारण समजायला सोपे आहे. रीत अजून हाती लागलेली नसताना मूल नुसते चाचपडते. सगळी शक्ती पुढे काय करू यात जाते आणि रीत लक्षात घ्यायला डोक्यात जागाच उरत नाही. म्हणून ‘स्वतःच सोडव, कुठेही बघू नकोस’ हा सल्ला, रीत मुळातच न कळलेल्या मुलाला मदतीचा नसतो. ते मूल तासभर वहीसमोर बसते आणि चुकीची सवय पक्की करून उठते.

पण त्या प्रयोगातली एक गोष्ट इथे विसरायची नाही. सोडवलेल्या उदाहरणानंतर लगेच एक न सोडवलेले होते. नुसती वाचलेली उदाहरणे शिकवत नाहीत, उतरवलेली तर नाहीच नाहीत. याचा पुरावा दुसऱ्या बाजूने आला. अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठात अर्नोल्ड ग्लास आणि मेंगशुए कांग यांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या अकरा वर्षांच्या गृहपाठाची आणि परीक्षेची तुलना केली. ती २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. गृहपाठात चांगले गुण मिळवूनही परीक्षेत त्याहून कमी मिळवणारे विद्यार्थी २००८ मध्ये १४ टक्के होते; २०१७ मध्ये ते ५५ टक्के झाले. ज्यांनी उत्तर आधी स्वतः काढले त्यांना गृहपाठाचा परीक्षेत उपयोग झाला, ज्यांनी दुसरीकडून उचलले त्यांना झाला नाही. पालकांनी ही गोष्ट नीट समजून घ्यावी असे मला मनापासून वाटते, कारण घरात दिसते ते उलटेच. वही पूर्ण असते, उत्तरे बरोबर असतात, शेरा चांगला असतो आणि सहामाहीचा निकाल येईपर्यंत कुणालाच कशाची शंका येत नाही.

म्हणजे तोच फोटो एका मुलाला शिकवतो आणि दुसऱ्याला रिकाम्या हाताने परत पाठवतो. फरक कशाने पडतो, ते एका गणितावर बघू. आठवी-नववीच्या वयाच्या मुलांना पडणारे हे साधे समीकरण घ्या:

(x + 1)/2 − (x − 2)/3 = 3

मुलगी सोडवायला बसते. छेद २ आणि ३, लसावि ६, हे तिला येते. ती दोन्ही बाजूंना ६ ने गुणते आणि लिहिते:

3(x + 1) − 2(x − 2) = 18

इथपर्यंत सगळे बरोबर आहे. पुढे ती कंस सोडवते आणि लिहिते 3x + 3 − 2x − 4 = 18. त्यावरून x − 1 = 18 आणि x = 19. पुस्तकाच्या मागे उत्तर 11 दिले आहे. ती पुन्हा करते आणि पुन्हा 19 येते. आता ती अडली.

हाच तो फोटो काढायचा क्षण. याआधी एक काम मात्र राहिले आहे, ते म्हणजे ताळा. 19 हे उत्तर मूळ समीकरणात घालून बघायचे. डावीकडे 20/2 म्हणजे 10, त्यातून 17/3 वजा. 17/3 हे जवळजवळ 5.67 असल्याने उरतात सुमारे 4.33, यायला हवे होते 3. म्हणजे चूक आपलीच आहे, पुस्तकाची नव्हे. ताळा करायला रीत यावी लागत नाही, बेरीज-वजाबाकी आणि भागाकार आला की पुरे. म्हणून गणित विसरलेले पालकही मुलाला एवढे सांगू शकतात: ‘आलेलं उत्तर परत घालून बघितलंस का?’

आता फोटो. ॲपच्या पडद्यावर पहिल्याच ओळीत समीकरण पुन्हा मांडलेले दिसते, आणि मुले नेमकी तीच ओळ वाचायची सोडून खाली उत्तराकडे पळतात. ती ओळ वहीतल्या प्रश्नाशी अक्षर न् अक्षर जुळवलीच पाहिजे. समजा मुलीने वहीत प्रश्न उतरवताना पहिल्या अपूर्णांकाची आडवी रेघ आखूड काढली, नुसत्या 1 खाली. मग ॲप (x + 1)/2 ऐवजी x + 1/2 वाचते. या वेगळ्याच प्रश्नाचे ते अगदी बिनचूक उत्तर देते: 6x + 3 − 2x + 4 = 18, म्हणजे 4x = 11 आणि x = 11/4. मुलीकडे आता तीन उत्तरे झाली, तिचे 19, पुस्तकाचे 11 आणि ॲपचे 11/4. ‘ॲप चुकलं’ किंवा ‘पुस्तक चुकलं’ असे ठरवून ती मोकळी होते. खरे तर ॲपने तिच्या मांडणीतला दोष दाखवला होता. अशाच घोटाळ्याच्या आणखी जागा म्हणजे x आणि गुणाकाराचे चिन्ह, 1 आणि 7, 2 आणि z, अस्पष्ट दशांशचिन्ह, आणि घाईत पुसट राहिलेले वजा चिन्ह. हाताने लिहिलेल्या प्रश्नापेक्षा छापील प्रश्नाचा फोटो काढला तर यातल्या बऱ्याच चुका टळतात. शाब्दिक उदाहरणांत आणि आकृतीच्या भूमितीत मात्र छापील पानही पुरेसे नसते. तिथे वाक्यावरून समीकरण मांडणे हाच खरा गृहपाठ असतो, त्यामुळे फोटोने तो सोडवला की मुलासाठी काही उरतच नाही.

समीकरण बरोबर वाचले गेले असे समजू. पुढची पायरी महत्त्वाची आहे आणि सूचनेत ती हवीच. मुलीने सोडवणूक वरपासून खालपर्यंत वाचायची नाही. आपल्या वहीतल्या ओळी आणि पडद्यावरच्या ओळी शेजारीशेजारी ठेवायच्या आणि पहिली वेगळी ओळ सापडली की थांबायचे. 3(x + 1) − 2(x − 2) = 18 दोन्हीकडे सारखे आहे. त्याच्या खालच्या ओळीत तिने − 4 लिहिले आहे, ॲपने + 4. बस. इथे फोन उलटा ठेवायचा. आता तिने स्वतःला विचारायचा प्रश्न एकच: वजा चारच्या जागी अधिक चार का? कंसाबाहेर वजा दोन आहे. तो कंसातल्या वजा दोनलाही लागतो, आणि वजा गुणिले वजा म्हणजे अधिक. तिने गुणाकार केला होता, पण चिन्ह फक्त पहिल्या पदाला लावले होते. हे कळले की पुढचे तिचे तिने करायचे: x + 7 = 18, x = 11. ताळा: 12/2 म्हणजे 6, 9/3 म्हणजे 3, आणि 6 − 3 = 3. जुळले.

हे सगळे मी इतक्या बारकाईने सांगतो आहे, कारण चांगला आणि वाईट वापर इथेच वेगळा होतो. मिशेलीन ची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये भौतिकशास्त्राची सोडवलेली उदाहरणे वाचणाऱ्या विद्यार्थ्यांना मोठ्याने विचार करायला सांगितले आणि त्यांचे बोलणे नोंदवले. पुढे ज्यांना गणिते जमली, ते वाचताना प्रत्येक पायरीला ‘हे इथे का?’ याचे उत्तर स्वतःला देत होते. स्वतःचे गणित सोडवताना ते उदाहरणाकडे परतले तर एखादी विशिष्ट गोष्ट शोधायला परतत. ज्यांना जमली नाहीत, ते उदाहरण पुन्हा पहिल्यापासून वाचत, त्यात आपल्या गणिताचे तयार उत्तर सापडते का ते शोधत. विद्यार्थी थोडे होते, पण वर्गात शिकवणाऱ्या कुणालाही हे चित्र ओळखीचे वाटेल. पहिली वेगळी ओळ शोधणे म्हणजे मुलाला त्या पहिल्या गटासारखे वाचायला लावणे.

शेवटचे काम दुसऱ्या दिवशीचे. रात्री कळलेले सकाळी असतेच असे नाही, आणि सोडवणूक समोर असताना सगळेच कळल्यासारखे वाटते. म्हणून दुसऱ्या दिवशी त्याच धर्तीचे, आकडे बदललेले एक गणित, फोन आणि मागचे पान दोन्ही न बघता सोडवायचे. उदाहरणार्थ:

(x + 5)/4 − (x − 1)/6 = 2

इथे लसावि १२ आहे. 3(x + 5) − 2(x − 1) = 24, मग 3x + 15 − 2x + 2 = 24, x + 17 = 24, x = 7. कालची चूक पुन्हा झाली तर 11 येते आणि ताळा ती लगेच पकडतो, कारण 16/4 मधून 10/6 वजा केले तर 2 उरत नाहीत. 7 आले तर कालचा फोटो कामी आला. पुन्हा 11 आले तर शिक्षकांना भेटायचे. दुसऱ्यांदा फोटो काढून काही मिळणार नाही. या दुसऱ्या दिवसाला मी इतके महत्त्व देतो ते उगाच नव्हे. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी २००६ मध्ये दाखवले की मजकूर पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनंतर जास्त आठवत होते, पण आठवड्यानंतर चित्र उलटले. पुन्हा न वाचता आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात ५६ टक्के राहिले, फिरून वाचणाऱ्यांच्या ४२ टक्के. तो प्रयोग गद्य उताऱ्यांवर होता, गणितावर नव्हता. तरी सोडवणूक पुन्हापुन्हा बघून आलेला विश्वास टिकत नाही, हे वह्यांवरून मलाही रोज दिसते.

आता सूचना. मी लिहीन ती साधारण अशी असेल:

‘गणिताच्या गृहपाठात पाल्य अडल्यास ॲपवर प्रश्नाचा फोटो काढण्यास शाळेची हरकत नाही. मात्र आधी प्रश्न स्वतः सोडवून, आलेल्या उत्तराचा ताळा करून, तो प्रयत्न वहीत तसाच ठेवावा, खोडू नये. फोटो काढल्यावर ॲपने वाचलेला प्रश्न वहीतल्या प्रश्नाशी जुळवावा. सोडवणूक आपली चूक सापडेपर्यंतच पाहावी व फोन बाजूला ठेवून पुढचे गणित स्वतः पूर्ण करावे. जिथे मदत घेतली त्या ओळीशेजारी समासात ‘फो’ लिहून, चूक काय होती ते एका वाक्यात लिहावे. दुसऱ्या दिवशी तशाच प्रकारचे एक गणित काहीही न बघता सोडवावे. दुसऱ्या विद्यार्थ्याच्या वहीचा फोटो घेऊ नये व आपल्या वहीचा पाठवू नये. फोटोत फक्त प्रश्न येईल असे पाहावे. नाव, शाळेचे नाव किंवा घरातली माणसे त्यात येऊ नयेत. समासात ‘फो’ असल्याबद्दल गुण कापले जाणार नाहीत. अपूर्ण गणित, प्रयत्न दिसत असल्यास, पूर्ण मानले जाईल.’

शेवटची दोन वाक्ये शाळेच्या बाजूची आहेत आणि त्यांच्यावरच सगळे उभे आहे. समासातली ती खूण मुलाने प्रामाणिकपणे लिहावी असे वाटत असेल, तर ती लिहिल्याने त्याचे काही बिघडता कामा नये. ज्या शाळेत गृहपाठ पूर्ण आणि बरोबर असल्याबद्दल गुण मिळतात, तिथे अडलेले गणित अडलेले दाखवणारे मूल मूर्ख ठरते आणि उतरवणारे हुशार. तिथे सूचना कितीही चांगल्या भाषेत लिहा, घरात फोटोच जिंकणार. याचा दोष मी मुलांना किंवा पालकांना देणार नाही. गुण मिळवायची शाळेनेच आखलेली वाट ते चालत असतात.

काही सहकाऱ्यांचा आक्षेप असतो की मग मुले प्रत्येक गणिताशेजारी ‘फो’ लिहून मोकळी होतील. तसे झाले तर त्यात वाईट काय? ज्या पानावर सगळीकडे ती खूण आहे, ते पान शिक्षकाला स्पष्ट सांगते की या मुलाला हा धडा अजिबात कळलेला नाही. आज तेच पान बरोबर उत्तरांनी भरलेले येते आणि काहीच सांगत नाही. आणि ज्या वर्गात बऱ्याच वह्यांत कंस सोडवण्याच्या ओळीशेजारीच खूण असेल, तिथे उद्याचा तास कशावर घ्यायचा हे वेगळे शोधावे लागत नाही. शिक्षकासाठी याहून उपयोगी माहिती दुसरी नाही.

खरी पारख वर्गात व्हायला हवी, घरात नव्हे. तासाच्या सुरुवातीला पाच मिनिटे, कालच्या गृहपाठातले एक गणित आकडे बदलून फळ्यावर लिहावे आणि मुलांनी ते कागदावर सोडवावे. गुणांसाठी नाही, बघण्यासाठी. वही बरोबर आणि हा कागद कोरा असेल, तर त्या मुलाशी शांतपणे बोलता येते. हे एकदा सुरू झाले की उतरवण्याला काही अर्थ उरत नाही, कारण उतरवून मिळवलेले दुसऱ्याच दिवशी उपयोगी पडत नाही. त्याबरोबर गृहपाठाचा आकारही बदलावा लागेल. एकाच साच्यातली पंधरा गणिते दिली की पाचव्यानंतर रीत येणारा मुलगाही कंटाळून फोटो काढतो. तो अडलेला नसतो, थकलेला असतो. चार गणिते द्यावीत, त्यातले एक आदल्या आठवड्याचे.

पालकांच्या बाजूनेही एक आक्षेप येतो आणि तो योग्य आहे: ‘आम्ही हे सगळे तपासत बसायचे का?’ नाही. पालकांना पहारेकरी करणारी सूचना घरात भांडणे लावते आणि शिकवत काही नाही. पालकांकडून दोनच प्रश्न अपेक्षित आहेत. एक ताळ्याचा, वर सांगितलेला. दुसरा, वहीतल्या कुठल्याही ओळीवर बोट ठेवून: ‘ही ओळ वरच्या ओळीवरून कशी आली?’ उत्तर बरोबर आहे की नाही, हे पालकांना कळण्याची गरज नाही. ज्याने स्वतः केले आहे ते मूल चुकत का होईना, काहीतरी सांगते. ज्याने उतरवले आहे ते ‘असंच असतं’ म्हणते. हा फरक ऐकायला बीजगणित येण्याची गरज नसते. आणि ‘असंच असतं’ ऐकल्यावर रागवायचे नाही, त्या ओळीशेजारी खूण करायला सांगायचे, एवढेच.

ही मोकळीक सर्व इयत्तांना नको, हेही सूचनेत स्वच्छ लिहावे. बेरीज, वजाबाकी, पाढे, भागाकार, साधे अपूर्णांक शिकणाऱ्या लहान मुलांसाठी फोटो पूर्ण बंद हवा. त्या वयात पायऱ्या समजून घेणे हे काम नसते. हात बसणे, पटकन आठवणे हे काम असते, आणि ते केल्याशिवाय येत नाही. वरच्या गणितात 17/3 म्हणजे किती, हे ज्या मुलीला चटकन काढता आले नसते, तिला ताळा करता आला नसता. मग ॲपवर विश्वास ठेवण्यावाचून तिच्यापुढे दुसरा मार्ग उरला नसता. भाषेच्या निबंधाला आणि उताऱ्यावरच्या प्रश्नांनाही हा नियम लागू करू नये. तिथे चूक सापडेल अशी एखादी ओळ नसते, त्यामुळे ‘चूक सापडेपर्यंत बघा’ या सांगण्याला अर्थ राहत नाही. त्या विषयांसाठी शिक्षकांनी वेगळे लिहावे.

वरच्या इयत्तांत आणखी एक अडचण येते. ॲपची रीत आणि वर्गातली रीत वेगळी असू शकते. वर्गसमीकरण वर्गात अवयव पाडून शिकवले जात असेल आणि ॲप थेट सूत्र वापरत असेल, तर मुलाला उत्तर मिळते, पण आज जे शिकायचे होते ते राहते. बऱ्याच ॲपमध्ये दुसरी पद्धत निवडायची सोय असते; ती कुठे आहे ते वर्गात एकदा दाखवून द्यावे. न शिकवलेली रीत वहीत दिसली तर शिक्षकाने ती चूक ठरवू नये, पण त्या मुलाला ती समजावून सांगायला लावावी.

राहतो प्रश्न ज्यांच्या घरी स्वतंत्र फोन नाही, किंवा आई रात्री उशिरा घरी येते तेव्हाच फोन मिळतो, अशा मुलांचा. सूचनेने फोटोला परवानगी दिली की ही मुले न बोलता मागे पडतात, आणि शाळेने ते आपल्यावर घ्यायला हवे. उपाय अवघड नाही. त्या आठवड्याच्या गृहपाठातल्या प्रत्येक प्रकारचे एक गणित, प्रत्येक पायरीशेजारी कारण लिहून, शिक्षकांनी एका पानावर सोडवून द्यावे आणि ते पान गृहपाठाबरोबर सर्वांनाच द्यावे. आकडे गृहपाठातल्या गणितांपेक्षा वेगळे असावेत, म्हणजे ते उतरवता येत नाही, फक्त वाचता येते. असे पान हातात असेल तर फोन असलेल्या मुलांपैकीही अनेकांना फोटोची गरज पडणार नाही. ज्यांना पडेल त्यांच्यासाठी वरची सूचना आहेच, आणि समासातली ‘फो’ची खूण या पानाच्या मदतीलाही तितकीच लागू होते, तिथे ‘पान’ लिहावे.

ही सूचना एकदा पाठवून विसरण्याची नाही. पहिल्या घटक चाचणीनंतर ‘फो’ची खूण जिथे पडली होती त्याच प्रकारची गणिते चाचणीत सुटली का, हे शिक्षकांनी वह्या आणि उत्तरपत्रिका शेजारी ठेवून बघावे. सुटली नसतील, तर चूक मुलांच्या वाचण्यात आहे, गृहपाठाच्या निवडीत आहे की सूचनेच्या शब्दांत, ते ठरवून सुधारलेली सूचना दुसऱ्या सत्रात पालकांना पुन्हा पाठवावी.